शब्द टाकण्याआधी

*ताई, मी डिझाइनची कामं करते. दोन वर्षांपूर्वी एका कामात माझ्याबरोबर असलेला मित्र वेबसाइट बनवतो. माझ्या एका जुन्या क्लायंट बाईंना त्यांच्या संस्थेची वेबसाइट नव्याने करून घ्यायची आहे. हे त्याला कळलं आणि तो मागे लागलाय, ‘फक्त ओळख करून दे, पुढचं मी बघतो.’ त्याच्या हाताला गुण आहे. पण आमच्या त्या कामात शेवटचे तीन आठवडे त्याने फोनच उचलला नव्हता. उरलेलं मी दुसऱ्याकडून पुरं करून घेतलं. शिवाय कुणाकडून तरी ॲडव्हान्स घेऊन त्याने काम केलंच नाही, असं कानावर आलंय. बाईंचा माझ्यावर फार विश्वास आहे. दहा दिवस मी त्याला ‘बघते, बघते’ म्हणतेय. सरळ नाही म्हणू, की जपून शब्द वापरून ओळख करून देऊ?*
*— भिडेत अडकलेली*

प्रिय मैत्रिणी,

‘फक्त ओळख’ या दोन शब्दांपासून सुरुवात करते, कारण खरी गफलत तिथेच होते. आपल्याला वाटतं, दोन माणसं समोरासमोर आणली की आपलं काम संपलं. पण ज्याच्याकडे आपण माणूस पाठवतो, त्याला त्यातून बरंच जास्त ऐकू येतं.

मला हे एका चुकीतून कळलं. ओळखीच्या एका गृहस्थांना हिशेब सांभाळायला कुणीतरी हवं होतं. एका मुलाने मला गळ घातली. त्याच्याबद्दल मला थोडी धाकधूक होती, म्हणून मी शब्द अगदी तोलून लिहिले, ‘हुशार आहे, कामाची गरज आहे, एकदा बोलून बघा.’ ‘भरवशाचा आहे’ असं मी कुठेही म्हटलं नव्हतं, आणि त्याचं मला मनातल्या मनात समाधान होतं. सहा महिन्यांनी हिशेबात घोळ निघाला. ते गृहस्थ चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘तुम्ही पाठवलंत म्हणून मी त्याच्या आधीच्या ठिकाणी विचारलंच नाही.’

हे वाक्य मला अजून टोचतं. त्या मुलाला मी थेट कोणतंही प्रमाणपत्र दिलं नव्हतं, पण माझ्या नावामुळे एक चौकशी व्हायची राहून गेली. ओळख करून दिल्याने विश्वास वाढतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच वेळी समोरचा माणूस एरवी जी दोन-चार दारं ठोठावून खात्री करून घेतो, ती तो ठोठावत नाही, हे लक्षात येत नाही.

म्हणून ‘जपून शब्द वापरून’ या तुमच्या विचाराबद्दल आधीच सांगते. तुम्ही गाळलेला शब्द बाईंना दिसणार नाही. दिवसभर अर्ज वाचणारा माणूस कदाचित ओळींच्या मधलं वाचेल, ‘हिने वक्तशीरपणाबद्दल काहीच का लिहिलं नाही?’ असं त्याला वाटेलही. पण तुमच्यावर माया असलेल्या बाई तुमचे कोमट शब्दही कौतुक म्हणूनच वाचतील. शंका गाळून नव्हे, तर शंका सांगून जो सौम्य परिचय होतो, तोच खरा सौम्य परिचय. तसा करता येईल का, हे ठरवण्याआधी तुमच्याकडे नक्की काय आहे ते नीट पाहू.

तुमच्या पत्रात दोन शंका आहेत आणि त्यांचं वजन सारखं नाही. तीन आठवडे फोन न उचलणं तुम्ही स्वतः भोगलंय. त्याला तारखा आहेत, दुसऱ्याकडून करून घेतलेलं काम आहे. ॲडव्हान्सची गोष्ट कानावर आलेली आहे. आपलं मन मात्र या दोन्हींची एकच मोळी बांधतं आणि ‘तो तसलाच आहे’ म्हणून मोकळं होतं. ती मोळी सोडा. ज्यांनी तुम्हाला ॲडव्हान्सचं सांगितलं त्यांना एकच प्रश्न विचारा, ‘हे तुमच्या बाबतीत झालं, की तुम्हीही ऐकलंय?’ ‘माझेच पैसे अडकले’ असं उत्तर आलं, तर ती शंका ठोस झाली. ‘असं म्हणतात बुवा’ आलं, तर ती बाईंकडे एका अक्षरानेही पोचवू नका. ऐकीव गोष्ट तुमच्या तोंडून गेली की ती बाईंसाठी खात्रीची होते. खोटी निघाली, तर एका माणसाचा रोजगार तुम्ही अफवेवर घालवलेला असेल.

एक तिसरी शंकाही असते. ती तुमच्या पत्रात नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते. ‘सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.’ अशा वेळी मी स्वतःला विचारते, नक्की कधी खटकलं? एखादा प्रसंग आठवला, खोटं बोलताना पकडलं होतं, दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून दाखवलं होतं, तर त्या खटकण्याला जागा आहे. काहीच आठवलं नाही आणि उरली फक्त बोलण्याची ढब, कपडे किंवा तो आपल्यातला नसणं, तर दोष आपल्या नजरेचा असण्याची शक्यता मोठी. तेवढ्यावरून कुणाचं दार बंद करू नये.

आता तुमच्या मित्राकडे येऊ. पत्र दोनदा वाचलं. त्या तीन आठवड्यांबद्दल तुम्ही त्याला कधी विचारलंत, असं त्यात कुठेही नाही. दोन वर्षं तुम्ही ते गिळून बसलायत आणि त्याला वाटतंय की सगळं विसरलं गेलंय. म्हणूनच तो इतक्या मोकळेपणाने ओळख मागतोय. आधी हे बोला. ‘ओळखीचं बघू, पण त्याआधी एक गोष्ट माझ्या मनात आहे. मागच्या कामात शेवटी तू तीन आठवडे फोन घेतला नाहीस. काय झालं होतं?’ एवढंच विचारा आणि थांबा. मधली शांतता तुम्ही भरू नका, नाहीतर ‘जाऊ दे, असेल काहीतरी’ हे तुमच्याच तोंडून निघेल.

त्याचं उत्तर तुम्हाला बरंच काही सांगेल. कारण काय होतं याहून तो ते कसं सांगतो इकडे लक्ष द्या. घरात आजारपण असेल, एकाच वेळी अंगावर तीन कामं घेतली असतील, एखादा भाग जमत नव्हता आणि ते कबूल करायची लाज वाटली असेल. शेवटचं कारण या धंद्यात फार आढळतं. यातलं काहीही समजून घेता येतं. पण ‘तुला त्रास झाला, मी निदान कळवायला हवं होतं’ असं तो स्वतःहून म्हणाला, तर तो माणूस वेगळा. ‘अगं, तेव्हा क्लायंटच विचित्र होता’ म्हणाला, तर बाईही उद्या त्याला विचित्रच वाटणार आहेत. मग पुढचा प्रश्न विचारा, ‘त्यानंतर ज्यांची कामं पुरी केलीस अशा दोघांशी मला बोलता येईल का?’ दोन वर्षांत दोन नावं निघायला हरकत नाही. नावं मिळाली तर त्यांना काम आवडलं का असं विचारू नका, ते आवडलेलंच असणार. काम ठरल्या दिवशी मिळालं का, आणि उशीर झाला तेव्हा त्याने आधी कळवलं का, हे विचारा. तुमची शंका त्याच्या कौशल्याबद्दल नाही, म्हणून चौकशीही त्याबद्दल नको.

यानंतर शंका उरलीच, तर ती कोणाच्या अंगावर येणार आहे ते बघा. मुद्दा असा की बाई त्याच्या हाती काय सोपवणार आहेत, आणि बिनसलं तर ते परत घेता येईल का. तुमच्या गोष्टीत ते बऱ्याच अंशी घेता येतं. वेबसाइटचं काम टप्प्यांत होतं. पैसे टप्प्याटप्प्याने देता येतात. डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता आणि होस्टिंग म्हणजे ती ठेवायची जागा, दोन्ही बाईंच्या संस्थेच्या नावावर, त्यांच्याच ईमेलवर घेता येतं. मुख्य पासवर्ड संस्थेकडे राहतात आणि त्याला कामापुरता वेगळा प्रवेश देता येतो. एवढं केलेलं असेल, तर तो अर्ध्यावर नाहीसा झाला तरी दुसरा माणूस आहे तिथून काम पुढे नेऊ शकतो. उलट डोमेनच बनवणाऱ्याच्या नावावर असेल आणि त्याने फोन बंद केला, तर संस्थेचा स्वतःच्याच पत्त्यावर ताबा उरत नाही. घरातली एकटी म्हातारी माणसं, लहान मुलं किंवा सगळ्या पैशांचा व्यवहार कुणाच्या हाती द्यायचा असता, तर थोड्याशा ठोस शंकेवरही मी तुम्हाला थेट ‘नाही म्हणा’ असं सांगितलं असतं. तिथे टप्पे नसतात.

या सगळ्यात तुमची कसोटी एकच ठेवा. बाईंना पाठवायचा निरोप असा लिहा, की तो तुमच्या मित्राने शेजारी बसून वाचला तरी तुम्हाला एक शब्द बदलावा लागणार नाही, आणि उद्या काम फसल्यावर बाईंनी तो पुन्हा उघडून वाचला तरीही नाही. दोघांनाही चालेल असा निरोप लिहिता आला, तर ओळख करून द्या. त्याला दाखवण्यासाठी एक आणि बाईंना कानात सांगण्यासाठी दुसरं अशी दोन पानं लागत असतील, तर ओळख करून देऊ नका.

निरोप कसा असावा, हे लिहूनच दाखवते. पण त्याआधी एक पायरी आहे आणि ती चुकवू नका. दोघांना एकाच ईमेलमध्ये किंवा ग्रुपमध्ये घालून ‘हा अमुक, या तमुक’ असं करू नका. त्यात बाईंना नाही म्हणायला जागाच उरत नाही, तो समोरच उभा असतो. आधी फक्त बाईंना विचारा. आणि त्यालाही सांगून ठेवा, ‘मी त्यांना विचारते. त्या हो म्हणाल्या तर नंबर देईन, नाही म्हणाल्या किंवा काहीच बोलल्या नाहीत तर तो विषय तिथे संपला.’ स्वतःबद्दलच्या चार ओळी आणि केलेल्या दोन कामांच्या लिंका त्यालाच लिहून पाठवायला सांगा. त्याची तारीफ त्याच्या शब्दांत जाऊ दे, तुमच्या निरोपात तुम्हाला माहीत असलेलं तेवढंच राहील. गंमत म्हणजे या चार ओळी मागितल्यावर काही जण आठवडाभर पाठवतच नाहीत. तेही एक उत्तरच.

मग बाईंना असं लिहा:

‘नमस्कार मॅडम. तुम्ही वेबसाइटसाठी माणूस शोधताय असं कळलं. दोन वर्षांपूर्वी एका कामात माझ्याबरोबर असलेल्या एकाने तुमच्याशी ओळख करून द्यायला सांगितलंय. त्याचं काम मला आवडलं होतं. शेवटच्या टप्प्यात मात्र तो तीन आठवडे संपर्कात नव्हता आणि उरलेलं काम मला दुसऱ्याकडून करून घ्यावं लागलं. याबद्दल त्याच्याशी माझं बोलणं झालंय, आणि मी हे तुम्हाला सांगणार आहे हे त्याला माहीत आहे. त्यानंतर मी त्याच्याबरोबर काम केलेलं नाही, त्यामुळे ही शिफारस समजू नका. बोलावंसं वाटलं तर त्याने पाठवलेली माहिती खाली आहे. इतरांकडेही चौकशी जरूर करा. नको असेल तर तसं कळवा, मी त्याला सांगेन.’

यातलं ‘शिफारस समजू नका’ आणि ‘इतरांकडेही चौकशी करा’ गाळू नका. माझ्या चुकीत जे दार बंद झालं होतं, ते या दोन वाक्यांनी पुन्हा उघडतं. बाईंचा फोन आला आणि त्यांनी विचारलं, ‘पण तू असतीस तर दिलं असतंस का त्याला काम?’ तर काय उत्तर द्याल, तेही आधी ठरवून ठेवा. हा प्रश्न येतोच. ‘टप्प्यांत पैसे आणि पासवर्ड माझ्याकडे ठेवून दिलं असतं’ हे खरं असेल तर तेच सांगा. मनात ‘नसतं दिलं’ असेल, तर तुम्हाला उत्तर मिळालंच. हा निरोप पाठवूच नका.

अशा परिचयाची मर्यादा कळण्यासाठी एक जुनी गोष्ट सांगते. 1777 साली बेंजामिन फ्रँकलिन अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून पॅरिसमध्ये होते. तिकडे अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं, आणि तिथल्या सैन्यात जागा मिळावी म्हणून फ्रान्समधले लोक शिफारसपत्रासाठी त्यांच्या दारात रांग लावत. फ्रँकलिन पार वैतागले. त्यांनी अनोळखी माणसासाठी शिफारसपत्राचा एक नमुनाच लिहून काढला. त्याचा आशय असा होता की, पत्र घेऊन येणाऱ्याबद्दल मला काहीच माहीत नाही, त्याचं नावसुद्धा नाही. त्याच्या गुणांबद्दल त्यालाच विचारा, ते त्याला माझ्यापेक्षा नक्कीच जास्त ठाऊक असतील. ज्याचं वाईट काही ठाऊक नाही अशा परक्याशी जेवढ्या सभ्यतेने वागतो तेवढं वागा, आणि पुढे ओळख वाढल्यावर तो ज्या लायकीचा वाटेल तशी मदत करा.

हा नमुना वाचून हसू येतं, पण त्यात फार स्वच्छ प्रामाणिकपणा आहे. मला किती माहीत आहे ते सांगायचं आणि निवाडा पुढच्यावर सोडायचा. जेमतेम ओळख असलेल्या माणसासाठी तुम्हीही हेच करू शकता, ‘एक-दोनदा भेटलोय, कामाबद्दल काही सांगू शकत नाही.’ मात्र यातले ‘ज्याचं वाईट काही ठाऊक नाही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे. ते ठाऊक असताना ‘मी काही सांगू शकत नाही’ म्हणणं म्हणजे लपवणं. तुमच्या मित्रासाठी हा मार्ग बंद आहे.

त्याने तीन आठवड्यांची गोष्ट उडवून लावली, किंवा वरचा निरोप बाईंना पाठवू द्यायला नकार दिला, तर नाही म्हणायची वेळ आली. निरोप आवडला नाही म्हणून तो रागावू शकतो आणि तो त्याचा हक्क आहे. तुम्ही त्याला वाचून दाखवलात, त्याने ‘असं लिहिणार असशील तर नको’ म्हटलं, तर निर्णय त्यानेच घेतला. तुमच्यावरचं ओझं बरंच उतरेल.

नकार कसा द्यायचा, यातही लोक अडकतात. ‘सध्या बाई बाहेर आहेत’, ‘त्यांनी कुणालातरी दिलं वाटतं’ अशी निमित्तं सांगू नका. खोट्या निमित्ताला मुदत असते. महिन्याने तो पुन्हा विचारेल, ‘आल्या का त्या?’ शिवाय बाईंनी काम कुणालाच दिलेलं नाही हे त्याला दुसरीकडून कळलं, की तुमचा नकार राहील बाजूला आणि खोटेपणा तेवढा लक्षात राहील. ‘मी कुणाचीच ओळख करून देत नाही’ असंही म्हणू नका. उद्या तुम्ही कुणाची तरी करून द्याल. लांबलचक कारणंही नकोत. जितकी कारणं, तितक्या खिंडी. तो एकेक लढवत बसेल. असं म्हणा:

‘दहा दिवस मी तुला ताटकळत ठेवलं, ते माझं चुकलं. मागच्या कामात शेवटी जे झालं, त्यामुळे बाईंकडे तुझ्यासाठी शब्द टाकणं मला जमणार नाही. तुझ्या कामाच्या दर्जाबद्दल माझी तक्रार नाही. हे मी तुलाच सांगतेय, गावभर सांगत नाहीये.’

एवढं पुरे. तो म्हणेल, ‘एका चुकीसाठी?’ तुम्ही म्हणा, ‘हो, त्या एका कामाचाच मला अनुभव आहे.’ तो म्हणेल, ‘नुसता नंबर तरी दे.’ नंबर तुमचा नाही, बाईंचा आहे. त्यांच्या संस्थेचा जाहीर ईमेल असेल तर तो कुणालाही शोधता येतो. ‘तिथे स्वतःच्या नावाने लिही, माझं नाव घालू नकोस’ एवढं सांगा. हा आडमार्ग वाटेल, पण तो त्याचा न्याय्य मार्ग आहे. तिथे बाई त्याला इतर कुणाही अनोळखी माणसासारखं पारखतील, आधीच्या कामांची चौकशी करतील. शेवटी आणखी एक वाक्य जोडता येईल, तुम्ही त्याच्या कामावर कायमची फुली मारलेली नाही हे त्याला कळावं एवढ्यासाठी. ‘माझ्याबरोबर एखादं छोटं काम वेळेत पुरं कर, मग मी स्वतः शब्द टाकेन’ हे मनापासून म्हणता येत असेल तरच म्हणा. नुसतं समाधान करायला म्हणू नका, तो ते धरून बसेल.

नकार दिल्यावरही तो तुमचं नाव घेऊन बाईंकडे जाऊ शकतो, हे घडतं. बाईंचा निरोप आला, ‘तू पाठवलेला मुलगा भेटला,’ तर त्याच दिवशी उत्तर द्या, ‘मॅडम, तो माझ्या ओळखीचा आहे, पण त्याला मी पाठवलेलं नाही. इतरांची करता तशीच त्याचीही चौकशी करा.’ त्यांनी कारण विचारलं तर तीन आठवड्यांचा अनुभव सांगा, तारखांसकट, विशेषणांशिवाय. ॲडव्हान्सची ऐकीव गोष्ट तेव्हाही बाहेर काढू नका.

हे सगळं वाचून तुम्हाला बाईंना लिहावंसं वाटेल. आज नको. आज संध्याकाळी मित्राला फोन करा आणि ओळखीचा विषय निघण्याआधी त्या तीन आठवड्यांबद्दल विचारा.

तुमची,
ताई